मनगटाचा स्प्लिंट स्कॅनवरून बनवतोय: हवेची भोकं आणि कडा कशा करू?

कास्तकाराचं पोर (देवळी, जि. वर्धा)

माझ्या मोठ्या आईच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं होतं. प्लेट टाकली, हाड जुळलं, पण मनगट उचलता येत नाही. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. डॉक्टर म्हणाले, दंडाच्या हाडाला लागून जाणारी रेडियल नस दुखावली आहे, ती हळूहळू भरून येईल, तोवर मनगट वर धरून ठेवणारा स्प्लिंट दिवसभर घालायचा.

बाजारातून तयार पट्टा आणला. त्यात पत्र्याची पट्टी आणि चारी बाजूंनी जाड स्पंजचं कापड आहे. आपल्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत तो आतून ओलाचिंब होतो. तळहाताची कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घामोळं येतं. धुतला की वाळेपर्यंत हात तसाच लोंबत राहतो. वेचणी सुरू झाली की ती घरात बसणारी बाई नाही, त्यामुळे पट्टा काढून ठेवते आणि शेतात जाते.

आमच्या गावाजवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे प्रिंटर आहे आणि सर मदत करायला तयार आहेत. मोबाईलवर फोटो काढून हाताचं स्कॅन केलं आहे. तळहाताच्या बाजूने आधार देणारी अर्धी पन्हळ करायची आणि वरून वेल्क्रोचे तीन पट्टे लावायचे, असा विचार आहे. ब्लेंडर बऱ्यापैकी येतं.

विचारायचं ते असं. हवेसाठी भोकं किती मोठी आणि कुठे घ्यावीत? आणि कडा अशा कशा कराव्यात की दिवसभर घातलं तरी टोचणार नाही?

---

छापखाना_नागपूर

भाऊ, भोकांचा फार विचार करू नका. सरळ वोरोनॉई जाळी टाका, नेटवर सगळे तेच करतात, हलकं होतं आणि दिसतंही झकास. जितकी जास्त जागा मोकळी तितकी जास्त हवा. कडांना `Bevel` मारा, २ मिमी. पीएलए वापरा आणि उभा छापा, सपोर्ट जवळपास लागत नाही.

एक काम मात्र नक्की करा. दुखरा हात स्कॅन करण्यापेक्षा चांगला हात हव्या त्या कोनात धरून स्कॅन करा आणि आरशासारखा उलटा करा. लोंबता हात स्थिर राहत नाही, स्कॅन हमखास बिघडतं.

---

ओटी_ताई (वर्धा)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. भोकांच्या आधी स्कॅनबद्दल विचारते, कारण ते चुकलं तर पुढचं सगळं वाया जाईल.

मनगट किती वर धरून स्कॅन केलं? अशा हाताला साधारण २० ते ३० अंश वर ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी किंवा थेरपिस्टने काही आकडा दिला आहे का? पंजा कोणी धरला होता? तळवा जमिनीकडे होता की आकाशाकडे? हे शेवटचं लोक विचारतच नाहीत. कोपरापासून हात फिरवला की पुढच्या हाताचा आकार बदलतो आणि करंगळीच्या बाजूचा हाडाचा उंचवटाही सरकतो. तळवा वर करून स्कॅन केलेला स्प्लिंट तळवा खाली करून काम करताना त्याच हाडावर घासतो.

आरशाची युक्ती कोनासाठी चांगली आहे, मापासाठी नाही. नस बंद असलेल्या हाताचे स्नायू काही आठवड्यांत वाळतात. चांगल्या हाताच्या मापाचा स्प्लिंट त्या हातावर ढिला बसतो आणि पुढे-मागे सरकतो. सरकणारा स्प्लिंट घट्ट स्प्लिंटपेक्षा जास्त सोलतो.

---

कास्तकाराचं पोर

ताई, सगळं सांगतो. फिजिओ मॅडमनी २५ अंश सांगितलं होतं. मोठी आई खुर्चीत, कोपर टेबलावर, तळवा खाली. तिची मधली दोन बोटं माझ्या बहिणीने टोकाला धरून पंजा वर उचलून ठेवला, मी भोवती फिरून फोटो काढले. बोटं तशीही कापून टाकायची आहेत, म्हणून बहिणीचा हात स्कॅनमध्ये आला तरी अडलं नाही. व्हरांड्यात सावलीत बसलो होतो.

स्कॅन करण्याआधी मार्कर पेनाने हातावर खुणा केल्या: बोटांच्या मुळाशी असलेली तळहाताची आडवी रेघ, अंगठ्याच्या गादीभोवतीची रेघ, करंगळीकडचा उंचवटा. फाइल ओबीजे ठेवली, त्यामुळे रंग आला आणि खुणा ब्लेंडरमध्ये स्पष्ट दिसतात. एसटीएल केली असती तर रंग गेला असता.

माप असं आलं. टेपने मनगटाचा घेर १५८ मिमी, स्कॅनमध्ये १६३. मनगटापासून १०० मिमी मागे टेपने २१२, स्कॅनमध्ये २१९. दोन्हीकडे जवळपास सारखाच फरक आहे, म्हणून सगळं ०.९६९ ने लहान केलं. बरोबर आहे ना?

---

ओटी_ताई

बरोबर. दोन्ही ठिकाणी गुणोत्तर सारखं आलं म्हणजे फक्त प्रमाण चुकलं होतं, फोटोवरून केलेल्या स्कॅनला खरं माप माहीत नसतंच. एका ठिकाणी जुळून दुसरीकडे फरक पडला असता तर मधेच हात हलला असं समजून पुन्हा स्कॅन करायला सांगितलं असतं.

तुम्ही केलेल्या दोन रेघा म्हणजे तुमच्या स्प्लिंटच्या सीमा. पुढची कड बोटांच्या मुळाशी असलेल्या आडव्या रेघेच्या अलीकडे, म्हणजे मनगटाच्या बाजूला, ५ मिमी तरी थांबली पाहिजे. ती रेघ तिरकी आहे, करंगळीकडे खाली उतरते, म्हणून कडही तिरकीच हवी. सरळ कापली तर करंगळी आणि अनामिका मुठीत येणार नाहीत. अंगठ्याची गादी पूर्ण मोकळी सोडा. मागे लांबी कोपराच्या दिशेने पुढच्या हाताच्या दोन तृतीयांश, कोपर वाकवला की कड दंडाला लागता कामा नये.

---

बोंडअळी_वैतागलेला

वाचून रायलो. आमच्या पुतण्याचं मनगट बैलानं ढुशी मारून मोडलं, चार दिवस झाले. पोरगं प्लास्टर घालू देत नाई, खाज येते म्हणते. हेच भोकं-भोकं वालं छापून त्याले घालता येईन का? कोन बनवून देईन?

---

ओटी_ताई

दादा, नाही. ताज्या मोडीला हे नको. पहिल्या दिवसांत सूज वाढते आणि मग उतरते, आणि स्कॅन त्या एका क्षणाच्या मापाचं असतं. कडक कवच वाढत्या सुजेवर आवळलं तर रक्तपुरवठा अडतो. प्लास्टर डॉक्टर चिरून ढिलं करू शकतात, हे घरी कोण करणार? बोटं थंड किंवा निळी वाटली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना जीव जात असेल तर रात्र असली तरी दवाखान्यात घेऊन जा. खाज येते म्हणून आत काडी घालू देऊ नका.

---

बोंडअळी_वैतागलेला

बरं ताई. बोटं गरम हायेत, हालवते बी. डॉक्टरले दाखवतो मंगळवारी.

---

वर्कशॉपवाला (अमरावती)

मी ऑर्थोटिक वर्कशॉपमध्ये काम करतो, स्प्लिंट आणि कॅलिपर. आता भोकांवर येऊ.

भोकं कुठे घ्यायची हे हवा ठरवत नाही, आधी वजन ठरवतं. तुमच्या मोठ्या आईचा पंजा लोंबतो, म्हणजे तो पन्हळीच्या पुढच्या टोकावर खाली दाब देतो. मागचं टोक हाताच्या खालच्या मांसात रुततं. मनगटावरचा पट्टा मधोमध पन्हळ वर ओढून धरतो. दोन्ही टोकं खाली आणि मधला भाग वर, असा वाक येतो. पन्हळ वरून उघडी असल्यामुळे तिच्या दोन्ही वरच्या कडा मनगटापाशी ताणल्या जातात. तुटलेले स्प्लिंट हातात घेऊन पाहा, चीर बहुतेक वेळा या बाजूच्या कडेपासून सुरू होते आणि वाटेत पहिलं भोक मिळालं की तिथून पळते. तळाशी चीर क्वचित दिसते, कारण तिथे ताण नसून दाब असतो.

म्हणून माझं गणित असं. मनगटाच्या घडीच्या पुढे २५ आणि मागे २५ मिमी, या पट्ट्यात दोन्ही बाजूंच्या भिंती पूर्ण भरीव. तळाशी मधोमध घ्यायचीच तर ५ मिमीची मोजकी भोकं. बाकी सगळीकडे कुठलंही भोक कडेपासून १० मिमीच्या आत नको. पट्ट्यांच्या खाचांभोवतीही तेच. वोरोनॉईत नेमकी अडचण ही आहे की तिची भोकं कुठेही, कितीही मोठी पडतात आणि मधल्या काड्या कुठे ६ मिमीच्या तर कुठे २ मिमीच्या होतात. दिसायला सुंदर, पण तुटायची जागा तुम्ही निवडत नाही, ती जाळी निवडते.

पुढच्या हाताच्या भागात ८ मिमीची गोल भोकं, एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत १४ मिमी, ओळी एकाआड एक सरकवून. मध्ये ६ मिमीचं प्लास्टिक राहतं आणि साधारण ३० टक्के जागा मोकळी होते. घामाला तेवढी पुरते. १० मिमीच्या वर जाऊ नका. मऊ मांसावर मोठं भोक असलं की दिवसभराच्या दाबाने कातडी त्यातून फुगून येते. काढल्यावर हातावर गोल उंच ठिपके दिसले तर भोक मोठं आहे किंवा पट्टा जास्त आवळला आहे असं समजा. तळहातात सर्वांत जास्त घाम येतो, पण तिथे जागा कमी, म्हणून ६ मिमीची. करंगळीच्या बाजूच्या त्या हाडावर भोक अजिबात नको, भोकाची कड नेमकी हाडाला कापते. तिथे उलट कवच फुगवायचं. २५ मिमी रुंदीचा भाग निवडून ३ मिमी बाहेर ओढा, सीमा हळूहळू विरघळू द्या. आणि कडांना `Bevel` नको.

---

छापखाना_नागपूर

मनगटापाशी भरीव हे पटलं. वोरोनॉई करायचीच असेल तर तेवढा पट्टा वगळून करता येते, तेही सांगून ठेवतो. पण `Bevel` का नको ते कळलं नाही. मी नेहमी तोच वापरतो.

---

वर्कशॉपवाला

कारण स्कॅनची जाळी म्हणजे हजारो वेडेवाकडे त्रिकोण. तुमच्या नेहमीच्या ब्रॅकेटची कड चार सरळ रेषांची असते, तिथे तो चालतो. इथे प्रत्येक छोट्या त्रिकोणाला वेगळी गोलाई मिळते, त्या एकमेकींत घुसतात आणि कडेला काटे उभे राहतात. स्लायसरमध्ये ते दिसतही नाहीत, हाताला लागतात.

आणि खरं म्हणजे गोल करणं हे कडेचं अर्धंच काम झालं. ३ मिमी जाडीची कड कितीही गोल केली तरी ती कातडीवर उभी दाबणारी ३ मिमीची रेघच असते. कड बाहेर वळवावी लागते, परातीच्या काठासारखी. शेवटचे ८ ते १० मिमी हळूहळू हातापासून ३ ते ४ मिमी दूर गेले पाहिजेत. मागच्या टोकाला तर नक्कीच, कारण लोंबत्या हाताचं अर्धं वजन तिथेच रुततं. आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात, तिथली कातडी पातळ.

ब्लेंडरमधला क्रम मी असा ठेवतो. स्कॅनवर हवा तेवढा भाग निवडून वेगळा काढायचा. त्याची सीमा दातेरी असते, ती कड निवडून `Smooth Vertices` भरपूर वेळा द्या, ती ओघळती रेघ होईपर्यंत. मग हाडावरचा फुगवटा, मग `Proportional Editing` चालू ठेवून सीमा बाहेर वळवा. हे सगळं कवच पातळ, म्हणजे नुसता पापुद्रा असतानाच करायचं. जाडी दिल्यावर आतली आणि बाहेरची भिंत वेगवेगळी हलते आणि कड चिमटली जाते. त्यानंतर ही उतरंड:

```
Displace   Strength 1.5   Midlevel 0
Solidify   Thickness 3    Offset 1
Boolean    Difference
Remesh     Voxel Size 0.6
Smooth     Factor 0.5     Repeat 6
```

पहिल्या ओळीने कातडीपासून १.५ मिमी अंतर मिळतं, आत सुती बाही घालायची असते त्यासाठी. दुसरीने ३ मिमी जाडी बाहेरच्या दिशेने. तिसरी भोकांची. `Remesh` आणि `Smooth` भोकांच्या नंतर ठेवायचे, म्हणजे बाहेरच्या कडांबरोबर भोकांच्या कडाही आतून-बाहेरून गोल होतात. `Smooth` वाढवलं की गोलाई छान येते पण भिंत बारीक होत जाते, विशेषतः दोन भोकांच्या मधल्या काड्या. छापण्याआधी काडीची जाडी मोजा, २.५ मिमीच्या खाली गेली असेल तर `Repeat` कमी करा.

भोकं पाडताना एक सांभाळा. सगळे दंडगोल एकाच दिशेने आरपार घातले तर तळाला भोकं गोल पडतात, पण बाजूच्या भिंतींवर ती तिरकी कापली जातात आणि एका बाजूची कड पात्यासारखी धारदार होते. गोलाई दिली तरी ती पातळच राहते. म्हणून प्रत्येक दंडगोल पृष्ठभागाला काटकोनात हवा. `Snap` मध्ये `Face` निवडून `Align Rotation to Target` चालू केलं की दंडगोल सरकवताच तो आपोआप उभा राहतो. मी भोकं हातानेच ठेवतो. वेळ जातो, पण कुठे ठेवायचं नाही हे डोळ्यांसमोर असतं.

---

मास्तर_पुसद

आमच्या शाळेत असाच प्रिंटर आहे, म्हणून दोन गोष्टी.

पीएलए नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ असतं, उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत ६० सहज ओलांडतं. टिनाच्या छपराखाली खुंटीला टांगलेला स्प्लिंटही वेल्क्रोच्या ओढीने हळूहळू वाकतो. हे एकदम दिसत नाही, २५ अंशांचा कोन १५ वर येतो आणि बाई म्हणते आता पहिल्यासारखं धरत नाही. पीईटीजी साधारण ८० पर्यंत तग धरतं. फक्त पावसाळ्यात ते ओल धरतं, छापताना फुटल्यासारखा आवाज येतो आणि तारा सुटतात. रीळ सुकवून घ्या.

दुसरी गोष्ट लाइटची. असा स्प्लिंट छापायला सात-आठ तास लागतात. मधे वीज गेली की प्रिंटर नंतर तिथूनच सुरू करतो हे खरं, पण खालचा थर थंड झालेला असतो आणि नवा थर त्याला नीट चिकटत नाही. बाहेरून बारीक रेघ दिसते तेवढीच. ती रेघ मनगटाच्या भागात आली असेल तर तो नग द्यायचा नाही. आमच्याकडे आलेला एक अगदी त्याच रेघेवर तुटला होता. इन्व्हर्टरवर लावा.

---

छापखाना_नागपूर

पीईटीजी मान्य. पण उभा छापण्यावर मी ठाम आहे. उभा छापला की आतली बाजू गुळगुळीत येते, सपोर्टचे ओरखडे नाहीत. आडवा छापला तर पन्हळीच्या तळाला पायऱ्या पडतात, त्या कातडीला लागतात. उभ्यात भोकं गोल न ठेवता वरून टोकदार, थेंबासारखी केली की तीही सपोर्टशिवाय येतात. चार भिंती द्या, भरीव छापा, काही होत नाही.

---

वर्कशॉपवाला

उभ्या छपाईत थर हाताला आडवे येतात, आणि ताण हाताच्या लांबीत असतो. म्हणजे मनगटापाशी ताण नेमका थरांना एकमेकांपासून ओढतो. चार भिंती दिल्या तरी चिकटायचं ते थरालाच. मी लांब कुशीवर छापतो. थर लांबीत जातात, आतली भिंत बरीचशी उभी असल्याने पायऱ्या कमी पडतात. आत सपोर्ट लागतो आणि नंतर घासावं लागतं, हे कबूल.

थेंबाच्या टोकाबद्दल मला शंका आहे. टोक म्हणजे चिरेची सुरुवात. `Smooth` नंतर ते बोथट होतं, तरी मनगटाजवळ नको.

---

छापखाना_नागपूर

माझ्याकडून गेलेले उभेच होते, तक्रार आलेली नाही. पण ते बहुतेक रात्री घालायचे होते, शेतात काम करायला नाही. तुमचा मुद्दा कामाच्या हाताला लागू असेल.

---

रानवाट (गडचिरोली)

धागा मनापासून वाचला. माझ्या बाबांना कुष्ठरोग होता, औषधोपचार पूर्ण झाले आहेत, पण उजव्या हाताला स्पर्श कळत नाही आणि करंगळी-अनामिका आत वळल्या आहेत. कुऱ्हाड धरली की मनगट थकतं म्हणतात. असाच स्प्लिंट त्यांच्यासाठी करावा असं मनात आलं. स्कॅन मी करू शकते.

---

ओटी_ताई

ताई, तुमच्या बाबांसाठी मनगटाचा स्प्लिंट हे उत्तर नाही. दोन कारणं आहेत. वळलेल्या बोटांना मनगट धरून फरक पडत नाही, त्यांना बोटांच्या मुळाशी सांधा वाकवून धरणारा वेगळा, लहान स्प्लिंट लागतो. आणि स्पर्श कळत नसलेल्या हातावर कडक प्लास्टिक घालणं धोक्याचं आहे. मोठ्या आईला टोचलं तर ती लगेच काढेल. बाबांना टोचलेलं कळणार नाही, संध्याकाळी फोड दिसेल आणि आठवड्यात जखम. कुष्ठरोग सेवेचं काम असलेल्या दवाखान्यात दाखवा, वरोऱ्याला आनंदवन आहे. तोवर कुऱ्हाडीच्या दांड्याला जाड कापड गुंडाळून द्या आणि रोज रात्री हात दिव्याखाली नीट पाहा.

---

रानवाट

समजलं. हात रोज पाहते. वरोऱ्याला घेऊन जाते.

---

कास्तकाराचं पोर

सगळ्यांनी सांगितलं तसं केलं आणि कुशीवर छापून घेतला. पीईटीजी, इन्व्हर्टरवर, लाइट मधे गेली तरी थांबला नाही. वजन ७५ ग्रॅमच्या आत आलं. आत सुती होजियरीची बाही, स्पंज कुठेही लावला नाही.

आज सकाळी घालून पाहिला. ताईंनी सांगितलं तशी मूठ वळते, करंगळीसुद्धा. अंगठा करंगळीला टेकतो. अर्ध्या तासाने काढून पाहिलं तर करंगळीच्या हाडावर काहीच नाही, फुगवटा बरोबर बसला. मागच्या टोकाला हलकी गुलाबी रेघ होती, चहा होईपर्यंत गेली. पण अंगठ्याच्या बेचक्यात लाल पट्टा उमटला आणि तो बराच वेळ गेला नाही. तिथे कड बाहेर वळवली आहे, तरी लागते.

आणि एक, ती म्हणते की मनगट उभं राहतं आणि विळा पकडता येतो, पण बोटं पूर्ण उघडत नाहीत, बोंड सोडताना अडतं. स्प्लिंटमध्ये काही चुकतंय का?

---

ओटी_ताई

बोटांबद्दल आधी. त्यात चूक नाही. हीच नस बोटं मुळापासून उघडणाऱ्या स्नायूंना जाते. मनगट धरल्यावर पकड सुधारते, पण उघडणं नस परत येईपर्यंत येत नाही. त्यासाठी वरून रबराने बोटं ओढणारे स्प्लिंट असतात, ते शेतात घालण्यासारखे नाहीत. नस दिवसाला साधारण १ मिमी वाढते, आणि दंडातल्या दुखापतीपासून पुढच्या हाताच्या स्नायूंपर्यंत तिला बरंच अंतर कापायचं आहे. फिजिओकडे दर वेळी मनगट स्वतःहून किती उचलतं ते मोजून घ्या. काही महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर डॉक्टरांना नसेची तपासणी करायची का ते विचारा.

लाली १५-२० मिनिटांत गेली तर चालतं. त्यापुढे राहिली तर तिथे बदल हवाच, सवय होईल म्हणून घालू नका. नवा स्प्लिंट पहिल्या दिवशी एकेक तासच.

---

वर्कशॉपवाला

बेचक्यात कड वळवूनही लागते तेव्हा बहुतेक ती वळणाने लागत नाही, जागेने लागते. स्कॅन करताना बहिणीने मधली बोटं धरली होती, अंगठा सैल होता. काम करताना अंगठा तळहातासमोर येतो आणि बेचक्याची कातडी पुढे सरकून कडेवर चढते. तिला अंगठ्याने दांडा धरायला सांगा आणि त्या स्थितीत पेनाने कडेवर खूण करा. तेवढं, बहुधा ४-५ मिमी, कापून पुन्हा गोल घासा. आधी १२०चा, मग ४००चा पॉलिश पेपर.

पुन्हा छापायची गरज नाही. वळण वाढवायचं असेल तर हातातून काढून, त्याच जागेवर हीट गन लांबून फिरवा, मऊ झालं की गोल बाटलीवर दाबून वळवा आणि थंड होईपर्यंत धरा. पट्ट्याच्या खाचेजवळ गरम करू नका, ती ताणली जाते.

---

मास्तर_पुसद

घासल्यानंतर ती जागा ओल्या कापडाने पुसून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथे अजून काटा आहे.

---

कास्तकाराचं पोर

दांडा धरायला सांगून खूण केली, कातडी खरंच ५ मिमी वर चढते. घासून झालं, कापूस अडकत नाही. उद्या पुन्हा अर्धा तास घालून पाहतो.

एकच राहिलं. मनगटावरचा पट्टा तिला डाव्या हाताने खाचेतून ओवता येत नाही. खाच २७ मिमीची आहे, वेल्क्रो २५ मिमी. मोठी करू का?

---

वर्कशॉपवाला

खाच मोठी करू नका, ती कडेजवळ आणि मनगटापाशीच आहे. पट्ट्याचं एक टोक अंगठ्याच्या बाजूला कायमचं शिवून टाका. दुसऱ्या बाजूला खाच वापरूच नका, कवचाच्या बाहेरच्या भिंतीवर वेल्क्रोचा काटेरी तुकडा चिकटवा. म्हणजे ओवायचं नाही, फक्त ओढून टेकवायचं. चिकटवण्याआधी ती जागा खरखरीत घासा, नाहीतर घामाने दोन आठवड्यांत सुटतो. कुठला गोंद पीईटीजीवर उन्हाळाभर टिकतो, हे मास्तरांना विचारा. मी तिथे दोन लहान रिवेट मारतो, पण तुमच्या ३ मिमी भिंतीला त्यासाठी भोक पाडावं लागेल आणि ते नेमकं भरीव पट्ट्यात येईल.

---

मास्तर_पुसद

दोन भागांचा इपॉक्सी वापरून पाहिला आहे, एका उन्हाळ्यात कडा उचलल्या. तुकडा लांब घेऊन कवचाच्या तळाखालून दुसऱ्या बाजूपर्यंत गुंडाळला आणि स्वतःवरच शिवला तर गोंदावर भार येत नाही. फक्त त्याच्याखाली येणारी भोकं बंद होतील, तेवढी ओळ आधीच वगळायची.